रिकाम्या पोटी कडक चहा, मग छातीत जळजळ आणि स्टेशनवर संडासची घाई

"मी ३४ वर्षांची आहे, बदलापूरहून ठाण्याला नोकरीला जाते. साडेपाचला उठून डबे करते, सव्वासहाला मोठा मग भरून कडक चहा घेते, पोटात बाकी काही नसतं. स्टेशनवर पोचते तोवर संडासला जायची इतकी घाई होते की एकदोनदा गाडी सोडून घरी परत आले. दुखत नाही, एकदा जाऊन आलं की दिवसभर काही त्रास नाही. नऊला ऑफिसमध्ये कॉफी घेतली की मात्र छातीत जळजळ आणि आंबट ढेकर, ते पार जेवणापर्यंत. चहा बंद केला तर डोकं चढलं आणि दोन दिवस पोट साफ झालं नाही. सासूबाई म्हणतात चहाने पोट साफ होतं ते चांगलंच, नवरा म्हणतो तुला आयबीएस आहे. मी मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी आणून अधूनमधून घेते. चहा सोडावाच लागेल का?"

ताई, चहा सोडायची गरज मला तरी दिसत नाही. त्याची वेळ बदलायची आहे, थोडा फिका करायचा आहे आणि त्याच्या आधी पोटात चार घास टाकायचे आहेत. पण असं का म्हणते ते नीट समजून घ्या, नाहीतर दोन दिवस कराल आणि परत सव्वासहाच्या मगवर याल.

तुम्ही, सासूबाई, नवरा, तिघंही जळजळ आणि घाई ही एकाच बिघाडाची दोन तोंडं धरून चाललाय. तसं नाहीये. कप एकच असला तरी जळजळ होते जठरात आणि अन्ननलिकेत, आणि घाई होते ती मोठ्या आतड्यामुळे, म्हणजे पार दुसऱ्या टोकाला. जळजळ हा त्रास आहे, ती कमी करायची. घाई हा बहुतेक वेळा त्रास नसतोच, ते शरीराचं रोजचं काम असतं, फक्त तुमच्याकडे ते चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी येतंय.

आधी घाईचं बघू, कारण गाडी त्यामुळे सुटते. खूप जणांना वाटतं की चहा प्यायला आणि तो आतून सगळं धुवून घेऊन वीस मिनिटांत खाली आला. असं होत नाही. तोंडातून गेलेलं अन्न संडासवाटे बाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात, म्हणजे आज सकाळी जे बाहेर पडतं ते काल-परवाचं जेवण असतं. चहा जठरातच असतो, त्याच्याकडून फक्त निरोप जातो. जठरात काही पडलं आणि ते थोडं ताणलं गेलं की नसांमधून आणि गॅस्ट्रिन, कोलेसिस्टोकायनिन अशा हार्मोन्समधून मोठ्या आतड्याला इशारा मिळतो की वरून नवीन माल येतोय, खालची जागा रिकामी करा. मग आतड्याची एक मोठी लाट येते, साठलेला मळ गुदाशयात ढकलला जातो, गुदाशय ताणला गेला की आपल्याला घाई लागते. याला गॅस्ट्रोकोलिक रिफ्लेक्स म्हणतात आणि तो आपण जन्मतः घेऊन येतो, तान्हं बाळ दूध पिता पिताच लंगोट भरतं ते याच्यामुळे.

त्यात सकाळची वेळ. रात्री मोठं आतडं बरंचसं शांत असतं आणि जाग आली की त्याची हालचाल आपोआप वाढते, म्हणजे उठल्यानंतरचा तास-दीड तास ते तयारच बसलेलं असतं. अशा वेळी गरम, भरपूर आणि कडक असं काहीतरी एकदम जठरात गेलं की इशारा जोरात बसतो. कॉफीचा इशारा तर फारच जोरात. इंग्लंडमध्ये १९९० साली ९९ तरुण निरोगी लोकांना विचारलं होतं, तेव्हा त्यातल्या २९ टक्के लोकांनी सांगितलं की कॉफी प्यायली की संडासला जावंसं वाटतं. मग त्यातल्या काही जणांच्या आतड्याची हालचाल प्रत्यक्ष मोजली तर कॉफीनंतर चार मिनिटांत ती वाढलेली दिसली आणि निदान अर्धा तास तशीच राहिली, नुसत्या गरम पाण्याने मात्र तसं झालं नाही. आणि कॅफीन काढून टाकलेल्या कॉफीनेही हालचाल वाढली! म्हणजे सगळा दोष कॅफीनच्या माथी मारून चालत नाही, कॉफीतले बाकीचे घटकही हे काम करतात. चहात कॅफीन कमी, साधारण कपाला ४० मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणून त्याचा धक्का कॉफीइतका नसतो. पण तुमचा मग मोठा, चहा कडक, आणि वर्षानुवर्षांची सवय, शरीर त्या वेळी त्या चहाची वाटच बघत असतं.

आता तुमचंच घड्याळ बघा ना. चहा सव्वासहाला, लगेच धावतपळत स्टेशन, चालण्यानेही आतडं हलतं, आणि वीस-पंचवीस मिनिटांनी लाट येते तेव्हा तुम्ही नेमक्या प्लॅटफॉर्मवर. गाडीत संडास नाही हे माहीत असल्याने मनात धास्ती, आणि धास्तीने आतडं अजून जोरात चालतं, मेंदू आणि आतड्याचं नातं फार जवळचं आहे. हाच चहा पावणेसहाला घेतला असतात तर हीच लाट घरी आली असती. तुमचं आतडं बिघडलेलं नाहीये, ते वेळेत काम करतंय, त्याला इशाराच उशिरा मिळतोय.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. चहाने संडासला होते हे खरं. पण चहा पोट 'साफ' करतो, आतली घाण काढतो, हे खरं नाही, तो फक्त वेळ लवकर आणतो. चहा बंद केल्यावर दोन दिवस झाली नाही याचा अर्थ चहाशिवाय तुमचं पोट चालूच शकत नाही असाही नाही. रोज ज्या इशाऱ्यावर आतडं हलायचं तो एकदम गायब झाला आणि त्या जागी दुसरा कुठलाच दिला नाही, कारण नाश्ता तर तुम्ही करतच नाही. हा इशारा अन्नही देतं, चांगला जोरात देतं. ज्या घरात चहा नाही तिथली माणसंही सकाळी जातातच.

आणि नवऱ्याला सांगा की आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम हा आतड्याचा रेंगाळणारा त्रास, म्हणायला एक गोष्ट लागतेच, ती म्हणजे पोटदुखी. आठवड्यातून निदान एक दिवस पोट दुखतंय, असं तीन महिने चाललंय, आणि त्या दुखण्याचा संडासशी संबंध आहे, म्हणजे जाऊन आल्यावर ते कमी-जास्त होतंय किंवा संडासची संख्या नाहीतर स्वरूप बदललंय, तेव्हा डॉक्टर त्या दिशेने विचार करतात. तुम्ही स्पष्ट लिहिलंय की दुखत नाही, एकदाच होते आणि मग दिवस मोकळा जातो. यावर आयबीएसचं लेबल लावून घेऊ नका, एकदा ते मनात बसलं की माणूस प्रवासाला निघताना आधी पोटाकडेच बघायला लागतो.

आता जळजळीकडे येते. इथे पहिला समज असा असतो की चहा-कॉफी अ‍ॅसिडिक, म्हणून अ‍ॅसिडिटी. खरं तर दूध घातलेला चहा जेमतेम आंबट असतो, टोमॅटो किंवा ताक त्याच्यापेक्षा कितीतरी आंबट. जळजळ करणारं अ‍ॅसिड तुमचं स्वतःचं असतं, जठरात तयार होणारं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड, आणि चहा ते जास्त तयार करायला लावतो. कॅफीन कडू असतं आणि कडू चव ओळखणारे रिसेप्टर फक्त जिभेवर नसतात, जठरातल्या अ‍ॅसिड बनवणाऱ्या पेशींवरही असतात, शिवाय कॉफीने गॅस्ट्रिन वाढतं आणि तेही अ‍ॅसिड वाढवतं. चहाला लोक सौम्य समजतात, पण १९८४ साली आपल्याकडच्याच डॉक्टरांनी चहाचा जठरातल्या अ‍ॅसिडवर काय परिणाम होतो ते मोजलं होतं, तेव्हा २०० मिलिलिटरच्या एका कपाने अ‍ॅसिड भरपूर वाढलेलं आढळलं. तुमचा मग बहुतेक त्याहून मोठाच असेल.

पोटात अन्न असेल तर हे अ‍ॅसिड त्याच्यात मुरतं, सौम्य होतं. तुम्ही रात्री नऊ-दहाला जेवत असाल तर पहाटे जठर रिकामं, मग चहा, मग नऊला कॉफी, आणि पहिला खरा घास दुपारी एकला. म्हणजे जवळजवळ पंधरा तास पोटात अन्न नाही आणि त्या पंधरा तासांत दोनदा अ‍ॅसिड बनवायची ऑर्डर. त्यात कॉफीने अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडपही काही जणांत सैल पडते, मग अ‍ॅसिड वर येतं. जठराला आतून चिकट थराचं संरक्षण असतं, अन्ननलिकेला तसं नाही, म्हणून जळतं ते पोटात कमी आणि छातीत जास्त. तुमची जळजळ चहानंतर नाही तर कॉफीनंतर सुरू होते याचंही मला नवल वाटत नाही, तोवर उपाशी पोट अजून तीन तास पुढे गेलेलं असतं आणि कॉफी चहापेक्षा जड पडते.

कडकपणाचंही सांगते, कारण 'कडक' म्हणजे आपल्याकडे पावडर जास्त आणि उकळ लांब. कॅफीन पहिल्या काही मिनिटांतच बरंचसं उतरतं, त्यानंतर उकळत ठेवून वाढतो तो मुख्यतः तुरटपणा, म्हणजे टॅनिन. रिकाम्या पोटी या टॅनिनने काहींना मळमळतं, पोटात कसंतरी होतं. त्यामुळे दहा मिनिटं उकळलेला किंवा सकाळचाच परत गरम केलेला चहा जास्त तरतरी देत नाही, जास्त त्रास मात्र देऊ शकतो.

तर करायचं काय. तुम्ही साडेपाचला उठताच, मग गॅसवर डब्याची भाजी चढवली की लगेच आधी काहीतरी खायचं, चहा त्याच्यानंतर. कालची अर्धी-एक पोळी, एक केळं, वाटीभर पोहे नाहीतर उपमा, जे घरात असेल ते. चहा-चपाती ही आपल्याकडची जुनी पद्धत चांगलीच आहे, फक्त पहिले दोन-तीन घास पोळीचे जाऊ द्या आणि मग चहाचा घोट घ्या. बिस्किटं चालतील का असं बऱ्याच जणी विचारतात, काहीच नसण्यापेक्षा बरी, पण दोन बिस्किटांनी अ‍ॅसिडला फारसा आधार मिळत नाही, आणि खारी-बटर तेलकट असल्याने काहींची जळजळ वाढते. पावणेसहापर्यंत हे खाणं आणि छोटा कप चहा झाला पाहिजे. खाण्याचा इशारा आणि चहाचा इशारा एकाच वेळी जातो, आणि सहा ते सव्वासहाच्या दरम्यान घाई लागायची शक्यता चांगली. नाही लागली तरी त्या वेळेला पाच-दहा मिनिटं जाऊन बसा, मोबाईल बाहेर ठेवून. घरात कमोड असेल तर पायाखाली छोटं स्टूल घ्या, गुडघे वर आले की सोपं जातं. जोर करू नका. आतडं नव्या वेळेला रुळायला एक-दोन आठवडे लागतात, पहिल्या चार दिवसांत जमलं नाही म्हणून सोडून देऊ नका.

चहा कसा करायचा तर एका कपाला पावडर सपाट एक चमचा, शीग भरून नाही. पाण्यात पावडर टाकल्यावर दोन-तीन मिनिटं उकळ, दूध घालून एक उकळी, बास, गाळून घ्या. सध्या तुम्ही किती टाकता ते लिहिलं नाहीत, पण तीन चमचे टाकत असाल तर उद्याच एकावर येऊ नका. चहा बंद केल्यावर जे डोकं चढलं ते कॅफीन एकदम तुटल्यामुळे. ते शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत सुरू होतं, पुढच्या दिवसा-दोन दिवसांत सगळ्यात जोरात असतं आणि कधी कधी आठवडाभर रेंगाळतं. म्हणून दर तीन-चार दिवसांनी अर्धा चमचा कमी करत या. आणि अशा डोकेदुखीला उपाशीपोटी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकसारखी पेनकिलर मुळीच घेऊ नका, जठराच्या अस्तराला त्या गोळ्या चहापेक्षा कितीतरी पटीने घातक आहेत.

ऑफिसची कॉफी ठेवायची असेल तर ती नाश्त्याच्या मागे लावा. एक छोटा डबा वेगळा न्या, पोचल्यावर आधी तो खा, कॉफी नंतर, आणि लहान कप. हा एकच बदल केला तरी तुमच्या जळजळीत फरक पडेल असं मला वाटतं, कारण तुमच्या दिवसातला सगळ्यात मोठा खड्डा तोच आहे, पहाटेपासून एकपर्यंत उपाशी राहण्याचा. रात्रीचं जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी झालं तर अजून चांगलं, पण उशिरा पोचणाऱ्या माणसाला हे दर वेळी जमत नाही, त्यासाठी जीव काढू नका.

एक शंका तपासून बघा, दुधाची. आपल्याकडे बऱ्याच मोठ्या माणसांना दुधातली साखर, लॅक्टोज, नीट पचत नाही, आणि तुमचा मग मोठा आणि दुधाळ असेल तर घाईतला काही भाग दुधाचाही असू शकतो. कसं ओळखायचं तर चहाबरोबर पोट फुगतं का, गुडगुडतं का, गॅस होतो का आणि संडास पातळ होते का ते बघा. सलग तीन-चार दिवस तेवढाच चहा बिनदुधाचा पण फिका घेऊन बघा, बाकी काही बदलू नका. फुगणं आणि पातळ होणं थांबलं तर दूध, काहीच फरक नाही तर दूध निर्दोष. मात्र हे आणि वेळेचा बदल एकाच आठवड्यात करू नका, कशाने काय झालं ते कळणार नाही.

गोळीबद्दल मला जरा कळकळीने सांगायचंय. मेडिकलवाले सहसा जी देतात ती पॅन्टोप्राझोल किंवा त्या जातीची असते, आणि ती जळजळ सुरू झाल्यावर घ्यायची गोळीच नाही. ती खाण्याच्या अर्धा ते एक तास आधी घ्यावी लागते, तेव्हा ती अ‍ॅसिड बनवणाऱ्या पेशी बंद करते. जळायला लागल्यावर घेतली तर त्या वेळी फारसा उपयोग नाही, आणि ती घेऊन पुन्हा उपाशीपोटी कॉफी प्यायची म्हणजे मूळ कारण तसंच. कधीतरी त्रास झालाच तर अँटासिडचं पातळ औषध लगेच आराम देतं. पण आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा काहीतरी घ्यावं लागतंय असं दिसलं तर ते डॉक्टरांना दाखवायचं प्रकरण आहे. जठरात एच. पायलोरी नावाचा जंतू असू शकतो, आपल्याकडे तो खूप लोकांत असतो, त्याची तपासणी होते आणि औषधांनी तो जातो. थंड दुधाचा उपायही तात्पुरता, दूध थोडा वेळ शांत करतं आणि मग त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम पुन्हा अ‍ॅसिड वाढवतात.

तुमच्यासारखा त्रास असलेल्या बाकीच्यांसाठी दोन शब्द. संकष्टी, एकादशीला दिवसभर नुसत्या चहावर राहणाऱ्यांनी प्रत्येक चहाआधी केळं, रताळं, मूठभर शेंगदाणे असं काहीतरी घ्या, उपवासाला जे चालतं त्यातलंच. जिमच्या आधी उपाशीपोटी काळी कॉफी घेणाऱ्यांना ट्रेडमिलवरच घाई लागते ती याच रिफ्लेक्समुळे, निदान पाऊण तास आधी घ्या म्हणजे घरून मोकळे होऊन जाल. गरोदर बायकांनी दिवसाचं कॅफीन २०० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं असतं, आणि लोहाची गोळी चहाबरोबर कुणीच घेऊ नये, टॅनिनमुळे लोह अंगाला लागत नाही, मध्ये निदान एक तास तरी जाऊ द्या.

आता डॉक्टरांकडे कधी धावायचं तेही लिहिते, कारण 'अ‍ॅसिडिटीच असेल' म्हणून फार गोष्टी घरात दाबल्या जातात. संडास डांबरासारखी काळी झाली, त्यात रक्त दिसलं, वजन आपोआप उतरायला लागलं, घास गिळताना अडकायला लागला, उलट्या थांबेनात, तपासणीत हिमोग्लोबिन कमी निघालं, किंवा झोपेतून उठून संडासला जावं लागायला लागलं तर चहा-कॉफीचे प्रयोग बाजूला ठेवून लगेच दाखवा. पन्नाशीनंतर पोटाच्या सवयी पहिल्यांदाच बदलल्या तरीही. आणि छातीतली जळजळ जिना चढताना येत असेल, हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल, सोबत घाम आणि दम लागत असेल तर ती अ‍ॅसिडिटी समजून घरी बसू नका, सरळ हॉस्पिटलमध्ये जा आणि ईसीजी काढा. बायकांमध्ये हार्टचं दुखणं बऱ्याचदा अ‍ॅसिडिटी म्हणून निघून जातं.

हे सगळं सुरू करायचं ते शनिवारी करा, सुट्टी असेल तर. पहिल्या दोन दिवसांत नव्या वेळेला घाई नेमकी किती मिनिटांनी लागते ते घरच्या घरी कळेल, संडास जवळ असेल आणि गाडीची धास्ती नसेल. समजा पंचवीस मिनिटं लागतायत असं दिसलं, तर सोमवारी निघायच्या वेळेतून चाळीस मिनिटं मागे जाऊन खाणं आणि चहा तिथे बसवा.